साठा निम्मा कधी होतो, आणि कधी १५ टक्क्यांवरच अडतो

प्रतिक्रिया: "चार शाखांचा माल एका गोदामात आणला की सेफ्टी स्टॉक निम्मा होतो, हे तुमचं वर्गमुळाचं गणित कागदावरच शोभतं. आम्ही बोअरच्या पंपांचे स्पेअर्स नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर आणि नागपूरहून उचलून चाकणला नेले. सेफ्टी स्टॉक जेमतेम १५ टक्के घटला आणि नागपूरचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं."

उत्तर: तुमचे १५ टक्के त्याच गणितातून निघतात, म्हणून आधी ते मांडून पाहू. समजा एका कपॅसिटरच्या साप्ताहिक खपाचं प्रमाण विचलन प्रत्येक शाखेत १० नग आहे, आणि कारखान्याकडून माल यायला ४ आठवडे लागतात. ९५ टक्के वेळा माल पुरावा म्हणून गुणक १.६५ धरू. एका शाखेला १.६५ × १० × √४, म्हणजे ३३ नग जादा ठेवावे लागतात. चार शाखांचे झाले १३२. साठा एकत्र केला की विचलन ४० न होता √४०० म्हणजे २० होतं, कारण नाशिकला खप वाढला त्या आठवड्यात कोल्हापूरला तो घटलेलाही असू शकतो. मग ६६ नगांत भागतं. रिस्क पूलिंग ते हेच.

पण त्यासाठी चारही शाखांचे चढउतार एकमेकांशी असंबद्ध हवेत. तुमच्याकडे तसं नाही. मार्चपासून पाण्याची पातळी खाली जाते, पंप तासन्‌तास चालतात आणि सगळ्या काउंटरांवर एकदमच गर्दी होते. शाखाशाखांमधला सहसंबंध ०.६ धरला तर एकत्रित विचलन ३३.५ येतं आणि सेफ्टी स्टॉक ११०. घट साधारण १६ टक्के.

इथे एक मेख आहे. उन्हाळ्यात खप वाढणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे ती वाढ अंदाजात धरायची, जोखमीत नाही. विचलन नुसत्या विक्रीवरून काढलं असेल तर हंगामच सहसंबंध म्हणून दिसतो आणि पूलिंग निरुपयोगी वाटतं. म्हणून प्रत्येक आठवड्याची प्रत्यक्ष विक्री वजा त्या आठवड्याचा अंदाज, असा फरक घ्या. चार शाखांचे फरक B ते E रकान्यांत टाका, त्यांची बेरीज F मध्ये, आणि एका वर्षाच्या ५२ ओळींवर हे चालवा:

```
=STDEV.S(F2:F53)
=STDEV.S(B2:B53)+STDEV.S(C2:C53)+STDEV.S(D2:D53)+STDEV.S(E2:E53)
```

पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. ०.५ च्या आसपास आलं तर माल खरोखर एकत्र करण्याजोगा आहे, ०.९ आलं तर गाडीभाडंसुद्धा सुटणार नाही. एखाद्या शाखेचा चढउतार बाकीच्यांपेक्षा फारच मोठा असेल, तर सहसंबंध नसतानाही ०.५ गाठता येत नाही. आणि ज्या आठवड्यात एखाद्या शाखेत माल संपलेला होता ती पूर्ण ओळ काढून टाका. रिकाम्या हाताने परत गेलेलं गिऱ्हाईक विक्रीच्या नोंदीत दिसत नाही.

आता नागपूर. इथे तुमची तक्रार रास्त आहे. गिऱ्हाईक किती थांबेल हे वरच्या सूत्रात कुठेच नाही. ते नगागणिक ठरवावं लागतं. कपॅसिटर उडाला की पॅनेल उघडून पंधरा मिनिटांत बदलता येतो, पीक उन्हात उभं असतं, त्यामुळे शेतकरी मिळेल त्या ब्रँडचा घेऊन जातो. तो नग शाखेतच हवा, भागाकार कितीही छान येवो. मोटरच्या थ्रस्ट बेअरिंगचं वेगळं आहे. पंप बोअरमधून वर काढायचा, मोटर खोलायची, बहुतेकदा रिवाइंडिंगही करायचं, यात एक-दोन दिवस जातातच. तेवढ्यात चाकणहून पार्सल येऊ शकतं.

शिवाय खरा फायदा अशाच मंद खपाच्या मालात असतो. कमी चालणाऱ्या मॉडेलचं बेअरिंग प्रत्येक शाखेत दोन महिन्यांना सरासरी एक खपतं आणि कारखान्याकडून यायला महिना लागतो, असं धरा. पॉसाँ वितरणाने पाहिलं तर शाखेत २ नग असल्यास त्या महिन्यात ते पुरण्याची शक्यता ९८.६ टक्के, म्हणजे चार शाखांत ८ नग. चाकणला एकत्र ठेवले तर ५ नगांतच ९८.३ टक्के मिळतात. एका शाखेत अर्धा-पाऊण नग ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी वरचा आकडा धरावा लागतो आणि माल धूळ खातो.

तेव्हा सरसकट सगळं चाकणला नेणं ही खरी अडचण होती. कपॅसिटर, फ्यूज, केबल जोडायचं सामान शाखेत परत पाठवा आणि ते चाकणहून आठवड्यातून दोनदा भरत राहा. शाखेला मग चार आठवड्यांची नाही, चारेक दिवसांचीच अनिश्चितता झेलायची असते, त्यामुळे ३३ ऐवजी १२-१३ नग पुरतात. मात्र चाकणच्या राखीव साठ्याशी जोडून बेरीज करा. चाकणला पुन्हा ९५ टक्क्यांच्या हिशेबाने माल ठेवला, तर दोन्हीकडचं मिळून पूर्वीपेक्षा जास्तही भरू शकतं. शाखांकडे थोडा माल असताना चाकणला कधीमधी दोन दिवस खडखडाट चालतो.

आणि नागपूरच्या कपाटात नोंदीबाहेरचे नग किती आहेत ते एकदा मोजून घ्या. माल वर गेला की शाखावाले आपापली सोय करून ठेवतात, आणि मग तुमच्या १५ टक्क्यांतलेही काही टक्के नुसते कागदावरच असतात.