स्पीकर बंद करा हो!

आज सकाळच्या सीएसएमटी फास्टमध्ये चौथ्या सीटवरचा एक जण ठाण्यापासून दादरपर्यंत मोबाइलचा स्पीकर फुल्ल ठेवून रील बघत होता. तीच क्लिप, तेच खिदळणं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. "दादा, आवाज कमी करा" म्हटलं तर "गाडी काय तुमच्या बापाची आहे?" आणि अख्खा डबा गप्प. गर्दी कोणाच्या हातात नाही, पाय चेंगरला तरी समजून घेता येतं. पण हा आवाज तुम्ही मुद्दाम आमच्या कानात ओतता! वर दारातली ती टोळी, ज्यांना उतरायचंय सीएसएमटीला आणि दार अडवून धरायचंय डोंबिवलीपासून. आणि पाठीवर सॅक तशीच ठेवून वळणारे. अरे, ती पुढे घ्या ना, मागच्याच्या तोंडावर आपटते!

हेडफोन हा यावर इलाज नाही. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत जातो आणि उतरेपर्यंत डोकं भणभणतं. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते घ्या. बहुतेक जण ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि म्हणतात, काही उपयोग नाही. प्लग बोटांत वळून अगदी बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. घुमत नसेल तर काढून परत घाला. हे सगळं गाडीत चढल्यावर, जागा धरून झाली की करायचं. फलाटावर आणि रूळांजवळ कान उघडेच हवेत.

दादरला उतरणाऱ्यांनी कुर्ला आलं की एक प्लग काढावा आणि पुढच्याला विचारावं, "दादर का?" नाही म्हणाला तर तिथेच जागा बदलून घ्यायची. माटुंगा गेल्यावर जाग येते त्यांचीच दारात धक्काबुक्की होते, आणि अर्धा दिवस त्या रागातच जातो.

गर्दीत छाती दाबलेली असताना "खोल श्वास घ्या" सांगणाऱ्यांचा मला भयंकर संताप येतो. छाती फुगवायला जागा कुठाय? त्यापेक्षा श्वास सोडणं लांबवा. नाकाने तीन मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, खांदे खाली सोडून. सात-आठ वेळा पुरतं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा.

आणि उतरल्या उतरल्या पुलाकडे धावू नका. फलाटावर खांबाच्या आडोशाला दोन मिनिटं थांबा, घोटभर पाणी प्या, जिन्यावरचा लोंढा ओसरू द्या. मस्टर दोन मिनिटांनी चुकत असेल तर एक गाडी आधीची धरा, पण ही दोन मिनिटं सोडू नका.

उद्या तो परत स्पीकर लावून बसला तर मी परत बोलणार. निदान एकाने तरी सोबत बोला रे!