जाहिरात छापून आली, आणि आत्याची गोची झाली

आज आत्याला घेऊन बँकेत गेलो होतो. पेपरातल्या नावबदलाच्या जाहिरातीचं कात्रण पुढं ठेवलं, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "यात स्पेलिंग कुठाय?" तवापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आत्याचं माहेरचं नाव आक्काताई बापू पोवार. लग्नानंतर सासरी नाव ठेवलं सुनीता शिवाजी चौगुले. (नावं इथं बदललीत, आत्या फेसबुकवर नसली तरी तिच्या सुना आहेत.) वडिलांच्या जमिनीचा मोबदला आलाय. सातबाऱ्यावर वारस म्हणून आक्काताई पोवार आणि खातं सुनीता चौगुलेंचं. आता ही बाई एकच आहे हे जगाला सांगायचं, म्हणून ती जाहिरात.

जाहिरात घेणाऱ्या पोराला मी सांगितलं होतं, दोन्ही नावं इंग्रजीतही टाक. तो म्हणाला, "मराठी पेपर आहे काका, इंग्रजी कशाला? शब्द वाढतील." खरं कारण वेगळं. बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटात मजकूर लावतात. त्यात मधेच इंग्रजी अक्षरं टाकायची तर फाँट बदलावा लागतो, नाहीतर Sunita च्या जागी भलतीच जोडाक्षरं उमटतात. तेवढा कंटाळा केला पोरानं, आणि भोगतेय आत्या.

आता गंमत बघा. आत्याच्या पॅनवर Chougule आहे आणि आधारवर Chaugule. मराठीत दोन्ही चौगुलेच! मग नुसत्या मराठी कात्रणावरून बँकेनं ओळखायचं कुठलं? उलटंही होतं. शाळेच्या दाखल्यावर सुनिता आणि आधारवर सुनीता असेल, तर इंग्रजीत दोन्हीकडं Sunita, फरक दिसतच नाही. आणि आपल्याकडचा पोवार! बाहेरचा माणूस त्याला हमखास Pawar करतो, मग परत मराठीत आणताना पवार. आडनावच बदललं की हो.

सातबारा मराठीत, जुना दाखला मराठीत, पॅन इंग्रजीत, आधारवर दोन्ही. या सगळ्यांना जोडणारा कागद एकाच लिपीत कसा चालेल? एवढं साधं आहे हे.

बरं, बँकवाल्याचं चुकलं नाही, मान्य. पैसे भलत्याच्या हातात गेले तर त्याची मान अडकणार. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईशी जरा नीट बोलला असता तर काय बिघडलं असतं?

बाहेर आल्यावर आत्या बाकावर बसली, चष्मा लावून ते कात्रण परत वाचलं आणि म्हणाली, "आक्काताई छापलेलं मी पहिल्यांदाच बघतीया रं." मग माझा राग जरा उतरला. लग्नानंतर त्या नावानं तिला माहेरच्यांशिवाय कुणी हाक मारली नसेल.

आता नवीन मजकूर मी स्वतः लिहून दिलाय. कुणाला लागला तर घ्या:

"माझे माहेरचे नाव आक्काताई बापू पोवार (Akkatai Bapu Powar) असे होते. लग्नानंतर माझे नाव सुनीता शिवाजी चौगुले (Sunita Shivaji Chougule) असे आहे. आधार कार्डवर माझे आडनाव Chaugule असे नमूद आहे. वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. यापुढे मी सुनीता शिवाजी चौगुले (Sunita Shivaji Chougule) या नावानेच ओळखली जाईन."

खाली पत्ता. माहेरच्या नावाचा इंग्रजीत एकही कागद नव्हता, म्हणून स्पेलिंग आम्हीच ठरवलं आणि तेच प्रतिज्ञापत्रातही घातलं. तिथं एक आणि पेपरात दुसरं झालं तर परत हेलपाटा. छापायच्या आधी प्रूफ मागून घ्या आणि अक्षर न् अक्षर कार्डाशी ताडून बघा. फोनवर "हो हो बरोबर आहे" म्हणू नका.

पेपरातल्या जाहिरातीनं नाव बदलत नाही, हेही लक्षात असू द्या. ती फक्त लोकांना दिलेली सूचना. आधारवर पूर्ण नाव बदलायचं तर राजपत्र लागतं, आणि राजपत्राच्या अर्जातसुद्धा जुनं-नवं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत भरावं लागतं. तिथं चूक छापली गेली तर दुरुस्तीची भानगड पेपरापेक्षा मोठी.

आणि "त्यात काय एवढं, एका अक्षराचा तर फरक" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनी आधी घरातल्या सगळ्यांचं आधार आणि पॅन शेजारी ठेवून बघा. मग बोलू.