बाटलीत तेल कमी भरते, तर चाक का फिरवू नये? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «तीस वर्षे पॅकिंग लाइनवर काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. बाटलीत तेल कमी येत असेल तर भरण्याचे चाक थोडे पुढे फिरवावे, दहा ग्रॅम वाढवावेत आणि काम संपवावे. तुम्ही पाच टप्पे, तक्ते आणि तीन आठवडे घालवून शेवटी काय केले, तर एका नोझलचे सील बदलले. ते तर तुमच्या ऑपरेटरने पहिल्याच दिवशी सांगितले असणार. हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत, सर.»

नमस्कार. आपला एक अंदाज अगदी बरोबर आहे. चौथे नोझल कमी भरते, हे ऑपरेटरने पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवे होते. तो लेख सहा सिग्मा या पद्धतीने तेलभरणीतले दोष कमी करण्याबद्दल होता, आणि व्याख्या, मापन, विश्लेषण, सुधारणा व नियंत्रण हे तिचेच पाच टप्पे. मात्र त्या नोझलचा दोष किती मोठा आहे, हे तोही सांगू शकत नव्हता आणि मीही. सगळे प्रकरण या «किती»वर फिरत असल्यामुळे, लेखात घाईने उरकलेला भाग येथे सविस्तर लिहितो.

कारखाना सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतला, माल शेंगतेलाचा. एक लिटरच्या बाटलीवर ९१० ग्रॅम छापलेले असते आणि सहा नोझलच्या पिस्टन यंत्रावर दिवसाला सुमारे आठ हजार बाटल्या भरल्या जातात. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैध मापन नियमांनुसार या मापाच्या एकट्या बाटलीत १५ मिलिलिटरपर्यंत तूट चालते, परंतु संपूर्ण लॉटची सरासरी छापील मापापेक्षा कमी असता कामा नये. पंधरा मिलिलिटर म्हणजे साधारण १४ ग्रॅम, म्हणून ८९६ ग्रॅमच्या खाली गेलेली बाटली सदोष, असे आम्ही ठरवले. व्याख्येच्या टप्प्यात याहून फारसे काही नव्हते. जुन्या नोंदींत सरासरी ९१४ ग्रॅम होती, पसारा, म्हणजे वजने सरासरीभोवती किती पसरतात ते सांगणारे प्रमाण विचलन, ९ ग्रॅम होता आणि शंभरात दोन-अडीच बाटल्या सदोष ठरत होत्या.

आता आपला उपाय याच आकड्यांवर लावून पाहू. दहा ग्रॅम वाढवले तर सरासरी ९२४ होते आणि सदोष बाटल्या हजारात एखादीच उरते. तेथपर्यंत आपण म्हणता ते खरे आहे. परंतु तेव्हा छापील मापापेक्षा दर बाटलीत १४ ग्रॅम तेल फुकट जाते. आठ हजार बाटल्यांचे ते ११२ किलो होते आणि त्यातले ८० किलो केवळ या नव्या वाढीचे असते. किलोला दीडशे रुपये धरले तरी हा रोजचा बारा हजारांचा खर्च झाला, शिवाय मानेपर्यंत भरलेल्या बाटल्या झाकण बसताना सांडतात आणि लेबल तेलकट होते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. सरासरी आधीच पुरेशी होती. दुखणे पसाऱ्याचे होते, आणि चाक फिरवल्याने पसारा तसूभरही कमी होत नाही.

मापनाच्या टप्प्यात आम्ही आधी यंत्र तपासले नाही, वजनकाटा तपासला, आणि मूळ लेख वाचून कित्येकांना हीच गोष्ट नसता उपद्व्याप वाटली. दहा भरलेल्या बाटल्यांवर खुणेचे क्रमांक घालून त्या दोन कामगारांना प्रत्येकी तीन वेळा वजन करायला दिल्या. आधीचे आकडे त्यांना दाखवले नाहीत. एकाच बाटलीची वजने इतकी निरनिराळी आली की मोजण्याचाच पसारा ४ ग्रॅम निघाला. काटा पंख्याखाली आणि कन्व्हेयरला टेकलेल्या टेबलावर ठेवलेला होता, आणि रिकामी बाटली सरसकट २४ ग्रॅमची धरली जात होती, प्रत्यक्षात ती २२ ते २६ ग्रॅमच्या दरम्यान भरत होती. काटा शहाबादी फरशीच्या स्वतंत्र ओट्यावर हलवला, तपासणीच्या बाटल्या भरण्यापूर्वी रिकाम्या तोलल्या, आणि मोजण्यातली चूक एका ग्रॅमच्या आत आली.

येथे थोडे गणित लागते. पसाऱ्यांची थेट बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. नवाचा वर्ग ८१, त्यातून काट्याचे १६ वजा केले की ६५ उरतात, म्हणजे तेलाचा खरा पसारा सुमारे ८ ग्रॅम. फरक एका ग्रॅमचाच दिसतो, पण ८ ग्रॅमच्या पसाऱ्यात ८९६ च्या खाली शंभरात साधारण सव्वा बाटली जाते. याचा अर्थ असा की जेवढ्या बाटल्या आपण सदोष समजून बाजूला काढत होतो, त्यांतली जवळजवळ निम्मी संख्या काट्याने निर्माण केलेली होती.

त्यानंतर तीन दिवस दर तासाला प्रत्येक नोझलच्या दोन बाटल्या तोलल्या आणि वजनासोबत नोझलचा क्रमांक, वेळ, टाकीतल्या तेलाचे तापमान आणि चाक केव्हा फिरवले, हे लिहिले. शेवटचा रकाना कोणाच्या फारसा मनात नव्हता. तो केवळ कागदावर जागा होती म्हणून घातला गेला. आठ तासांच्या एका पाळीत चाक अकरा वेळा फिरवलेले आढळले.

चौथ्या दिवशी ऑपरेटरला विनंती केली की काहीही झाले तरी चाकाला हात लावायचा नाही. त्याला ते पटले नव्हते, आणि मालकांनाही नव्हते. त्या दिवशीचा एकूण पसारा ५ ग्रॅम आला, म्हणजे वर्ग सुमारे २४ ते २५. एरवी तो ६४ असे. उरलेला ४० चा वाटा, म्हणजे निम्म्याहून बराच जास्त, चाक फिरवण्यातूनच येत होता.

हे असे का व्हावे, ते सांगतो. त्या यंत्रावर एकच चाक सहाही पिस्टनची चाल एकदम बदलते. तपासणीला कधी चौथ्या नोझलची बाटली येई, ती हलकी निघे आणि ऑपरेटर चाक पुढे घेई. त्याबरोबर बाकीची पाच नोझल्स विनाकारण जास्त भरू लागत. पुढच्या वेळी दुसऱ्या नोझलची बाटली येई, ती जड निघे आणि चाक मागे जाई. यात त्याची कामचुकारी नव्हती, उलट फार तत्परता होती. गुणवत्तेचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांनी नरसाळे आणि गोटीच्या प्रयोगातून हेच दाखवले होते: स्थिर प्रक्रियेत प्रत्येक वेळी मागच्या चुकीएवढीच उलट दुरुस्ती करत गेल्यास पसाऱ्याचा वर्ग दुप्पट होतो. आमच्याकडे तर नोझलच बदलत असल्याने चूकही दर वेळी वेगळ्याची मोजली जात होती.

हात न लावलेल्या दिवसातला २४ चा वाटाही फोडता आला. चौथे नोझल इतरांपेक्षा ९ ग्रॅम कमी भरत होते आणि सहापैकी एकच तसे असल्याने त्याचा वाटा सुमारे ११ येतो. सील झिजल्याचा संशय होता, तरी तो तपासून घेतला: चौथ्याचा पिस्टन दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा चौथ्यावर बसवला, तशी तूट चौथ्याकडून दुसऱ्याकडे गेली. पाइप किंवा नोझलचे तोंड दोषी असते, तर तूट जागच्या जागी राहिली असती. दुसरे कारण सोलापूरच्या उन्हाचे होते. एप्रिलात पत्र्याच्या शेडमधल्या टाकीतले तेल सकाळी सातला २६ अंशांवर आणि दुपारी तीनला ४० अंशांवर होते. शेंगतेलाच्या लिटरमागे दर अंशाला साधारण ०.६५ ग्रॅम घटतात, म्हणजे चौदा अंशांना ९ ग्रॅम. पिस्टन आकारमान मोजतो, वजन नाही. त्यामुळे यंत्र निर्दोष असूनही दुपारची बाटली हलकी भरते. याचा वाटा ७ च्या आसपास. उरलेला ६ च्या आसपासचा वाटा यंत्राचा स्वतःचा, म्हणजे अडीच ग्रॅमचा पसारा, आणि त्यावर त्या खर्चात काही करण्यासारखे नव्हते.

म्हणून सील बदलले हे आपले म्हणणे खरे असले, तरी ते ६४ पैकी ११ चे काम होते. फक्त सील बदलून थांबलो असतो आणि चाक पूर्वीसारखेच फिरत राहिले असते, तर पसारा ८ वरून सव्वासातवर आला असता.

सुधारणा साध्या होत्या. सहाही पिस्टनची सीले बदलली, टाकीला उष्णतारोधक आवरण घातले आणि यंत्राशेजारी तापमानाचा एक तक्ता लावला. चाक आता पाळीच्या सुरुवातीला आणि दुपारी बाराला, असे दोनदाच, तेलाचा पारा पाहून तक्त्याप्रमाणे लावले जाते. एका बाटलीचे वजन पाहून कधीच नाही. सर्वाधिक वाद या नियमावर झाला. पसारा ३ ग्रॅमवर आला तेव्हा सरासरी ९१४ वरून ९१२ वर उतरवता आली आणि रोजचे १६ किलो तेल वाचले. मूळ लेखात मी «सहा सिग्मा गाठले» असे उत्साहात लिहिले होते, ते चुकीचे आहे आणि ते मी काढून टाकत आहे. ८९६ ची मर्यादा सरासरीपासून सहा नव्हे, सुमारे पाच पसारे दूर आहे, आणि सहा सिग्माचा दहा लाखांत ३.४ दोषांचा प्रसिद्ध आकडाही दीर्घकाळात सरासरी दीड पसाऱ्याने सरकेल असे धरूनच काढलेला आहे.

नियंत्रणाबद्दल आपण काही विचारलेले नाही, पण आमची चूक तेथे झाली. दर तासाला प्रत्येक नोझलची एक बाटली घेऊन सहांची सरासरी आलेखावर मांडत होतो. त्याच्या सीमा ९०८.३ आणि ९१५.७ या होत्या. त्या प्रक्रियेच्या स्वतःच्या पसाऱ्यातून काढल्या होत्या, कायद्याच्या ८९६ वरून नव्हे. जुलैत दुसऱ्या नोझलचे सील पुन्हा गळू लागले आणि आलेख शांतच राहिला. सहांपैकी एक बाटली ९ ग्रॅमने घसरली, तर सरासरी दीड ग्रॅमच हलते, आणि ती सीमांच्या आतच राहते. सहांतल्या सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या बाटलीतला फरक आम्ही वेगळा मांडत होतो, पण त्याचीही वरची सीमा १५ ग्रॅम असल्याने तोही दोन दिवस गप्प होता. दोष सापडला तो त्याच ऑपरेटरला, कारण तो वहीत सहा नोझलचे सहा आकडे वेगळ्या रकान्यांत लिहीत होता आणि दुसरा रकाना सलग हलका चालला आहे, हे त्याच्या नजरेत आले. तेव्हापासून प्रत्येक नोझलचा आलेख वेगळा आहे, सलग सात नोंदी मध्यरेषेच्या एकाच बाजूला आल्या की यंत्र थांबवून त्या नोझलचे सील पाहिले जाते, आणि चाकाला तेव्हाही कोणी हात लावत नाही.