खांब, खोकं की ठिपके?

प्रतिक्रिया: "साध्या स्तंभालेखाला उगाच नावं ठेवता. ग्रामसभेत खांबच समजतात. आणि संशोधनात सर्रास वापरतात तो बॉक्स प्लॉटही तुम्हाला चालत नाही. मग दाखवायचं तरी काय?"

भाऊ, माझं उत्तर ठिपके. उदाहरणादाखल कापसाचं एकरी उत्पादन घेऊ, क्विंटलमध्ये. कोरडवाहू 8 वावरं: 3, 3, 4, 4, 4, 5, 5, 12. ओलिताची 8: 4, 5, 5, 5, 5, 5, 5, 6. दोन्हींची बेरीज 40, सरासरी 5. खांब काढले तर दोन्ही एकाच उंचीचे, म्हणजे पाहणारा म्हणेल, ओलीत करून फरकच पडला नाही.

आता बॉक्स प्लॉट. आकडे चढत्या क्रमानं लावून चार सारखे भाग केले की मधल्या दोन भागांचं खोकं होतं. खोक्याच्या कडा म्हणजे चतुर्थक, आतली रेघ म्हणजे मधला आकडा, मध्यक. खोक्यापासून फार दूर पडलेले आकडे 'बाहेरचे'. ओलिताचे दोन्ही चतुर्थक आणि मध्यक, तिन्ही 5 वरच येतात. खोक्याची नुसती रेघ उरते आणि साधे 4 नि 6 'बाहेरचे' ठरतात. कोरडवाहूच्या खोक्याची खालची कड तर पद्धतीवर ठरते: एक्सेलमध्ये `QUARTILE.EXC` 3.25 देतं, `QUARTILE.INC` 3.75. आकडे तेच, खोकं वेगळं. म्हणून गटात 25-30 नोंदी असल्याशिवाय मी त्याच्या वाटेला जात नाही.

ठिपक्यांत एक ठिपका म्हणजे एक वावर. ग्रामसभेत "माझं वावर कुठं?" असं विचारलं तर बोट ठेवून दाखवता येतं, खांबात ते हरवतं. सारखे आकडे एकमेकांवर बसतात, म्हणून ठिपके थोडे आडवे सरकवा. उभे मात्र हलवू नका, उत्पादन तिथंच वाचायचं असतं.

ठिपके काढले की तो 12 लगेच डोळ्यात भरतो. तो खोडण्याआधी वही उघडा. हेक्टरी आकडा एकरीच्या रकान्यात पडला असू शकतो: 12 भागिले 2.47, म्हणजे 4.9. तसं निघालं तर कोरडवाहूची सरासरी 4.1 वर येते. वहीत एकरी 12 च असेल तर तो ठिपका राहू द्या. पटत नाही म्हणून आकडा काढायचा नसतो.

खांबांशी माझं वैर नाही. किती शेतकऱ्यांनी विमा काढला, अशी मोजणी असेल तर खांबच काढा, फक्त उभा अक्ष शून्यापासून घ्या.

आलेखाखालच्या मजकुरात बहुतेक जण "ओलितामुळे उत्पादन वाढलं" असं ठोकून देतात. मी असं लिहीन: "प्रत्येक ठिपका एक वावर. कोरडवाहू 8 वावरं: मध्यक 4, पल्ला 3 ते 12, त्यांतली 7 वावरं 5 किंवा त्याखाली. ओलिताची 8: मध्यक 5, पल्ला 4 ते 6. एकरी क्विंटल, एक हंगाम." 'मुळे' लिहायचं तर कोणत्या वावराला पाणी द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं हवं. इथं तसं नाही. विहीर बहुधा भारी जमिनीवाल्याकडेच असते, मग फरक पाण्याचा की मातीचा, हे या आलेखावरून सांगता येत नाही.