मी वाळतेय, हात लावू नका

सनस्क्रीन लावून आरशात बघितलं तर दोन्ही गालांवर पांढऱ्या बारीक वळ्या, शाळेत गणित खोडलं की वहीवर खोडरबराचा चुरा पडायचा ना, डिट्टो तसा. मला वाटलं कातडीच निघतेय, म्हणून घाबरून अजून चोळलं तर अजून चुरा.

धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल केला.

"ताई, कुठल्या ऑर्डरने लावलंस?"

"आधी फेस ऑइल, मग सीरम, मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन." आता तेल सगळ्यात महाग, म्हणजे पहिला मान त्याचा, असा माझा साधा हिशोब.

ती कपाळावर हात मारून म्हणाली, अगं सीरम पाण्याचं, तेलावर पाणी ठरतं का कधी? सीरमच्या बाटलीवर घटकांत पहिलं नाव पाणी किंवा अ‍ॅक्वा दिसलं की ते तेलाच्या आधी. पातळ पहिलं, घट्ट नंतर, आणि सकाळी सनस्क्रीन शेवटी, कारण त्याचा चेहऱ्यावर सलग थर बसावा लागतो, वर काही चोळलं की तो फाटतो. मी म्हटलं मग सनस्क्रीन क्रीममध्येच कालवते, एका फटक्यात काम, तर म्हणे पातळ झालं की एसपीएफ बाटलीवर लिहिलाय तेवढा मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी तेलाला सुट्टी, सगळं शिस्तीत. तरी चुरा! मग खरा गुन्हेगार सापडला. मी जेलसारखं सीरम अख्खा ड्रॉपर भरून थापत होते. त्यातलं पाणी उडून जातं आणि घट्टपणासाठी घातलेला डिंक किंवा कार्बोमर कातडीवर पापुद्र्यासारखा राहतो. माझ्या सनस्क्रीनमध्ये सिलिकोन, म्हणजे डायमेथिकोन वगैरे, ते त्या पापुद्र्याला धरत नाही, नुसतं घसरतं, आणि आपण चोळलं की पापुद्राच गुंडाळून वर येतो. बहिणीने चाचणी सांगितली, हाताच्या पाठीवर दोन्हींचा एकेक थेंब घेऊन बोटाने फिरव. फिरवलं. लगेच फाटलेल्या दुधासारखं झालं. (जमलं तरी चेहऱ्यावर जमेलच असं नाही, पण फाटलं की समजायचं, यांचं लग्न लावू नये.)

तर आता सीरम दोनतीन थेंब, क्रीम वाटाण्याएवढं, मधे काही मिनिटं थांबायचं. सनस्क्रीन मात्र दोन बोटांवर लांब रेघा ओढून पूर्ण, तिथे काटकसर नाही, आणि घासायचं नाही, थापटत लावायचं. सुरकुत्यांसाठीचं रेटिनॉल रात्री, चेहरा पूर्ण कोरडा करून. हे मी एकदा ओल्या चेहऱ्यावर लावून शिकलेय, गाल दोन दिवस लालेलाल होते.

सकाळी आता मी बाथरूममध्ये पुतळा होऊन उभी असते. नवरा बाहेरून विचारतो, "अगं झालं का? उशीर होतोय, करतेयस काय?"

"वाळतेय."