काळी फिल्म, जाड पडदा आणि तडकलेली काच

प्रतिक्रिया: "खिडकीतून येणारं ऊन अडवण्यावरचा तुमचा लेख बंगलेवाल्यांसाठी आहे. आम्ही नागपुरात चौथ्या मजल्यावर राहतो. पश्चिमेच्या खिडकीला काळी फिल्म लावली, आतून जाड ब्लॅकआउट पडदा लावला, तरी संध्याकाळी खोली भट्टी. आता काचेलाही तडा गेलाय. बाहेरून काही लावायचं तर सोसायटी अडवते. मग फिल्म-पडदे हे सगळं थोतांडच ना?"

थोतांड नाही, पण तुमच्याकडे जी जोडी जमली आहे ती पश्चिमेच्या खिडकीला सर्वांत वाईट. का, ते सांगतो.

मे महिन्यात नागपुरात दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून तीसेक अंशांवर असतो. दीड फुटी छज्जा त्या वेळी खिडकीच्या वरच्या दहा इंचांवरच सावली पाडतो. बाकी सगळी काच उन्हात. पाच बाय चार फुटांची खिडकी धरली, तर साध्या एकेरी काचेतून त्या वेळी सुमारे ९०० वॅट उष्णता ऊन म्हणून आत येते. बाहेर ४२ आणि आत २७ अंश असताना नुसत्या हवेच्या फरकामुळे काचेतून झिरपणारी उष्णता मात्र १६० वॅटच्या आसपास असते. म्हणजे भांडण उन्हाशी आहे, गरम हवेशी नाही. जाड पडदा मुख्यतः त्या १६० वर काम करतो.

उरलेल्या ९०० चं पडदा काय करतो? ऊन काचेतून आत आलं की पडद्यावर पडतं. पडदा गडद असेल तर तो ते पिऊन तापतो आणि तापलेल्या पडद्याची धग काचेतून परत बाहेर जात नाही, कारण साधी काच ऊन आत सोडते पण धग सोडत नाही. पाच वाजता पडद्याच्या आतल्या बाजूला हात लावून बघा. कापड गरम लागलं तर उष्णता घरात आलीच, फक्त उजेड अडला. काचेकडच्या बाजूला पांढरं अस्तर असेल, तर आलेल्या उन्हाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग परत बाहेर जाऊ शकतो. म्हणून पडद्याच्या जाडीपेक्षा अस्तराचा रंग बघावा.

आता फिल्म. तुमची काळी फिल्म बहुधा रंगवलेली असणार. ती ऊन फार परतवत नाही, स्वतःच शोषते. काच तापते आणि त्यातली बरीच उष्णता खोलीत येते. ९०० चे फार तर साडेसहाशे होत असतील. चंदेरी परावर्तक फिल्म चारशेच्या आसपास आणू शकते. रात्री दिवा लावल्यावर मात्र बाहेरच्यांना तुम्ही दिसता आणि तुम्हाला काचेत स्वतःचाच चेहरा. दुकानदार '९९ टक्के यूव्ही' आणि '९५ टक्के इन्फ्रारेड' ऐकवतो. तुम्ही एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के अडते ते विचारा. पत्रकावर तो आकडा TSER या नावाने असतो. तो नसेल तर पुढच्या दुकानात जा.

काच का तडकली, तेही यातच आहे. काळ्या फिल्मने काचेचा मधला भाग तापला, मागच्या बंद पडद्याने ती उष्णता कोंडली, आणि वरचे सावलीतले दहा इंच व ॲल्युमिनियमच्या चौकटीतल्या कडा थंड राहिल्या. मधला भाग फुगू बघतो, कडा ताणल्या जातात. तडा कडेपासून काटकोनात सुरू होऊन मग वळत गेला असेल, तर कारण तापमानातला हाच फरक. एका ठिपक्यातून चहूबाजूंना रेघा गेल्या असतील, तर मात्र काहीतरी आदळलं आहे.

बाहेरून लावण्याबद्दल. सोसायटीचा आक्षेप सहसा इमारतीबाहेर येणाऱ्या गोष्टींना असतो. तुमच्या खिडकीला बॉक्स ग्रिल असेल, तर ७५ टक्के सावलीची शेडनेट ग्रिलच्या आतल्या बाजूने, काचेपासून चार-सहा इंच सोडून बांधता येते. बाहेर काहीच येत नाही. नेट तापली तरी ती धग मधल्या हवेबरोबर बाहेरच निघून जाते. काचेवर पोहोचणारं ऊन सुमारे पाव उरतं, म्हणजे ९०० चे सव्वादोनशे. फिल्मच्या मानाने खर्चही किरकोळ. शेतीसाठीची यूव्ही-स्टॅबिलाइज्ड नेट घ्या, साधी लवकरच ठिसूळ होते. चारही कडांना केबल टाय घाला, नाहीतर अवकाळीच्या वादळात ती फडफडत खालच्या मजल्यावर जाईल. त्याच खिडकीत कूलर असेल तर त्याच्या खसच्या ताट्यांसमोर नेट येऊ देऊ नका, हवा अडते.

नवी काच बसेपर्यंत तडकलेल्या काचेला दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावा आणि ती खिडकी सरकवू नका. चौथ्या मजल्यावरून तुकडा खाली पडायला नको. नवी काच टफन्ड घ्या, ती हा ताण कितीतरी जास्त सोसते. आधी नेट बांधून एक उन्हाळा काढा. फिल्म त्यानंतरही हवीशी वाटली, तर परावर्तक घ्या आणि पडदा काचेला न चिकटवता वर-खाली थोडी फट ठेवून टांगा.