तोंडी नकाराला अपील नसतं

फेब्रुवारीत शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात कायदेविषयक साक्षरता शिबिरात बोलायला गेलो होतो. विषय दिला होता 'चुकीच्या प्रशासकीय कारवाईविरुद्ध नागरिकांना उपलब्ध उपाय'. वीस वर्षं वकिली केलीय, म्हणून मी आपला ऐटीत अनुच्छेद २२६ पासून सुरू झालो. रिट म्हणजे काय, परमादेश म्हणजे काय, नैसर्गिक न्यायाची तत्त्वं कोणती... दहा मिनिटांत मागच्या दोन रांगा मोबाईलमध्ये गेल्या. दोष त्यांचा नव्हता. ज्याला उद्या प्रांत ऑफिसला जायचंय त्याला मी थेट उच्च न्यायालयाच्या पायऱ्या दाखवत होतो.

तेवढ्यात टीवायची एक मुलगी उठली. "सर, त्यांनी लिहून काहीच दिलं नाही. नुसतं 'होणार नाही' म्हणाले. मग अपील कशावर करायचं?"

माझी वही मी तिथेच मिटली. पुढचा तासभर तिच्याच प्रकरणावर गेला.

तिला ओबीसीचं जात प्रमाणपत्र हवं होतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तिच्याकडे आजोबांच्या जिल्हा परिषद शाळेचा प्रवेश निर्गम उतारा होता, १९५८ सालचा, जातीच्या रकान्यात स्पष्ट नोंद असलेला. सेवा केंद्रातून अर्ज भरला होता. दोन महिने हेलपाटे मारले आणि शेवटी टेबलामागून उत्तर आलं, "पुरावा चालत नाही, होणार नाही."

मी तिला विचारलं, पावती आहे? होती, पर्समध्ये चार घड्या घातलेली. म्हटलं, ही पावतीच तुझी केस आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाहीतर कारणं लिहून अर्ज नाकारायचा, एवढेच दोन पर्याय अधिकाऱ्याकडे आहेत. 'तोंडी सांगून वाटेला लावणे' असा तिसरा पर्याय कायद्यात नाही. मुदत उलटून गेली की त्या दिवसापासून तीस दिवसांत प्रथम अपील करता येतं. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून नव्वद दिवसांपर्यंत.

माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रशासकीय अन्याय चुकीच्या आदेशाने होत नाही, आदेशच न देण्याने होतो. चुकीचा आदेश हातात असला तर त्यावर बोट ठेवता येतं. तोंडी नकार हवेत विरतो. उद्या विचाराल तर तोच माणूस म्हणतो, "मी असं कधी म्हणालो?" कोणी मुद्दाम करतं, कोणाला नुसता लिहिण्याचा कंटाळा असतो. परिणाम एकच.

म्हणून तिला आधी अर्ध्या पानाचं पत्र लिहायला लावलं. अर्ज क्रमांक, तारीख, आणि 'माझ्या अर्जावर काय निर्णय झाला तो कारणांसह लेखी द्यावा', बस. दोन प्रती. एक आवक-जावक टेबलावर द्यायची, दुसरीवर तारखेचा गोल शिक्का आणि सही घ्यायची. "पोच कशाला, ठेवा इथे" असं म्हणतील; हसून उभं राहायचं. अगदीच घेईनात तर स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पोस्टाची पावती जपायची.

त्या पत्राने जादू झाली असं नाही, पण कागद हलला. महिनाभरात तिच्या घरी आदेश आला. त्यावर तारीख ३ मार्च, टपाल हातात पडलं २१ मार्चला. मजकूर एका ओळीचा: 'सादर पुरावे अपुरे असल्याने अर्ज नामंजूर.'

तिचा रडवेला फोन आला. मी म्हटलं, अगं, आत्ता कुठे केस उभी राहिली! आता वाट बदलली. अर्ज नामंजूर झाल्यावर जात प्रमाणपत्राच्या २००० सालच्या अधिनियमातलं कलम ५ लागतं. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील. मिळाल्यापासून, आदेशावरच्या तारखेपासून नाही. तेव्हा पाकीट फेकायचं नाही, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच पुरावा. तिच्या बाबतीत शेवटचा दिवस २० एप्रिल.

इथेच लोक घसरतात. आदेश हातात आला की मामा म्हणतो आमदारांना भेटू, कोणी म्हणतं पहिल्या सोमवारी लोकशाही दिनात निवेदन देऊ, कोणी मंत्रालयात पत्र टाकतं. निवेदन द्यायला माझी हरकत नाही. पण निवेदनाने अपिलाची मुदत थांबत नाही. साहेब 'बघतो' म्हणतात, तिसावा दिवस उलटतो, आणि मग माणूस माझ्यासमोर येऊन बसतो. असे बसलेले मी मोजायचे सोडून दिलेत.

अपिलाचा मसुदा तिनेच केला, मी फक्त छाटला. पहिल्या मसुद्यात घरची गरिबी, वडिलांचं आजारपण, कारकुनाची अरेरावी, सगळं होतं. सगळं खरं, पण अपिलात निरुपयोगी. उरले दोन मुद्दे. एक, १९५८ चा उतारा अर्जासोबत जोडला होता आणि आदेशात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. दोन, 'अपुरे' हे कारण नव्हे, निष्कर्ष आहे; कोणता कागद, कशामुळे अपुरा, हे सांगितलं तर ते कारण. पान सव्वापान झालं. १२ एप्रिलला दाखल केलं, पोचेसह.

एक गोष्ट शिबिरात सांगितली तेव्हा प्राध्यापकही चमकले. प्रांतांनी प्रमाणपत्र नाकारलं तर अपील आहे. पण पुढे पडताळणी समितीने वैधता नाकारली तर मध्ये अपिलाची पायरीच नाही, थेट उच्च न्यायालयात रिट. मला ही रचना मुळातच चुकीची वाटते. खेड्यातल्या मुलाला पहिल्याच पायरीला उच्च न्यायालय दाखवणं हा उपाय म्हणायला उपाय. त्यात रिटमध्ये न्यायालय सहसा नव्याने पुरावा तोलत बसत नाही. समितीने सुनावणी दिली का, दक्षता पथकाच्या अहवालाची प्रत दिली का, समोरचा कागद विचारात घेतला का, हे बघतं. म्हणजे जो कागद समितीपुढे ठेवला नाही तो पुढे ठेवायची संधी जवळपास गेलेलीच. आत्याचं, काकांचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते समितीपुढेच टाका, "लागलं तर कोर्टात दाखवू" म्हणून घरी ठेवू नका.

आणि रिट जिंकलं तरी पुष्कळदा हातात प्रमाणपत्र पडत नाही. 'पुन्हा सुनावणी घेऊन अमुक आठवड्यांत निर्णय द्या' एवढंच मिळतं. प्रवेशाची तारीख तोवर निघून गेलेली असू शकते.

वकिलाच्या फीचा प्रश्न एका मुलाने विचारला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. शिबिर भरवणाऱ्या विधी सेवा समितीकडेच अर्ज करायचा असतो, आणि हे त्या हॉलमधल्या एकाही मुलीला माहीत नव्हतं.

मुलीच्या अपिलात मागच्या आठवड्यात आदेश झाला. नामंजुरी रद्द, उतारा विचारात घेऊन नव्याने निर्णय घ्या. प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. पुढच्या गुरुवारी प्रांतांपुढे सुनावणी आहे, मूळ रजिस्टर दाखवायला सांगितलंय. शाळेत ते आहे, पण पानं कसर लागून भुगा होत चाललीत, म्हणून मुख्याध्यापक स्वतः पिशवीत घालून आणणार आहेत.